पावसात किंचाळणारा बेल्ट

जुलैतल्या एखाद्या सकाळी रात्रभर पावसात उभी असलेली गाडी कोणी सुरू केली, की ते सगळ्या सोसायटीला कळते. सेल्फ लागतो, इंजिन सुरू होते आणि बोनेटखालून एक तीक्ष्ण, कानात घुसणारी किंचाळी निघते. पाच-दहा सेकंदांत ती थांबली तर गाडीवाला निर्धास्त होऊन निघतो. पुढे कुठेतरी साचलेल्या पाण्यातून गाडी जाते, किंचाळी पुन्हा सुरू होते आणि या वेळी डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो. थोड्या वेळाने आवाज थांबतो, दिवाही विझतो. संध्याकाळी गाडीवाला बॅटरीच्या दुकानात उभा असतो.

त्याचे फारसे चुकले असे म्हणवत नाही, कारण चित्रच बॅटरीचे आहे. पण या दुखण्यात बॅटरीने बहुतेक वेळा काहीच केलेले नसते. पावसावरही वाटते तेवढा दोष जात नाही. ताण बरोबर असलेला, खाचा शाबूत असलेला बेल्ट मुंबईच्या पावसातही अल्टरनेटर फिरवत राहतो. आधीच सैल पडलेला किंवा झिजलेला बेल्ट मात्र कोरड्या दिवसांत कसाबसा निभावून नेतो आणि पाणी लागताच घसरतो.

आधी तो दिवा समजून घेऊ. बॅटरी किती भरलेली आहे हे तो सांगत नाही. साध्या जोडणीत त्याचे एक टोक किल्लीच्या स्विचमधून बॅटरीकडे गेलेले असते आणि दुसरे अल्टरनेटरकडे. किल्ली फिरवली पण इंजिन अजून सुरू नाही, अशा वेळी बॅटरीच्या बाजूला बारा व्होल्ट असतात आणि अल्टरनेटरच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. दोन्ही टोकांत फरक असल्यामुळे दिव्यातून वीज वाहते आणि तो लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज तयार करू लागला, की दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. म्हणजे चालत्या गाडीत हा दिवा लागला, तर अल्टरनेटरकडून वीज येत नाही एवढाच त्याचा अर्थ. तो मंद मिणमिणत असेल तर वीज येते आहे, पण पुरेशी नाही. हल्लीच्या गाड्यांत तो लावायचा की नाही हे कॉम्प्युटर ठरवतो, पण सांगतो तेच.

अल्टरनेटर वीज का तयार करत नाही याची कारणे बरीच असू शकतात: कार्बन ब्रश झिजले, रेग्युलेटर गेला, आतला डायोड जळला. पण ही कारणे पाऊस बघून येत नाहीत आणि खड्ड्यातून बाहेर पडल्यावर आपोआप बरीही होत नाहीत. किंचाळी, ओलावा आणि मिनिटा-दोन मिनिटांत विझणारा दिवा ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, की आधी बेल्टकडे बघायचे.

इंजिनच्या एका टोकाला क्रँकशाफ्टवर एक मोठी पुली असते. तिच्यावरून निघालेला रबरी बेल्ट अल्टरनेटरच्या छोट्या पुलीला वळसा घालतो. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंप किंवा एसीचा कंप्रेसरही फिरवतो. जुन्या अँबॅसॅडर आणि पद्मिनीत तो रेडिएटरचा पंखा फिरवायचा, म्हणून त्याला फॅन बेल्ट म्हणत. आता पंखा विजेच्या मोटरवर चालतो, तरी गॅरेजमध्ये नाव तेच राहिले आहे. मोठ्या पुलीवरून छोटीवर येताना वेग वाढतो. इंजिन मिनिटाला 800 फेरे करत असेल, तर अल्टरनेटर साधारण 2000 करतो.

आता थोडा हिशेब करावा लागेल, कारण सगळी मेख त्यातच आहे. पावसाळी रात्र आहे आणि छोटी पेट्रोल गाडी सिग्नलला उभी आहे. हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर, इंधनाचा पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळे चालू आहे. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीजही भरून काढायची आहे. एकूण 45 अँपिअर धरू. 14 व्होल्टला ते होतात सुमारे 630 वॉट. पण अल्टरनेटरमध्ये बरीच ताकद उष्णतेत जाते, त्यामुळे एवढी वीज काढायला बेल्टकडून त्याला साधारण अकराशे-साडेअकराशे वॉट मिळावे लागतात. अल्टरनेटरची पुली जेमतेम साडेपाच-सहा सेंटिमीटर व्यासाची. एवढ्या लहान पुलीवरून, 2000 फेऱ्यांच्या वेगाने ही ताकद पोहोचवायची तर बेल्टने तिला जवळजवळ 20 किलोच्या जोराने ओढायला हवे.

तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर धावत असेल, इंजिन 2000 फेऱ्यांवर असेल, तर तेवढ्याच विजेसाठी 8 किलोंची ओढ पुरते. ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. वेग अडीच पट झाला की ओढ तेवढ्याने कमी लागते. म्हणजे बेल्टची खरी परीक्षा गाडी पळताना नसते, ती सिग्नलला उभी असताना किंवा नुकतीच सुरू केलेली असताना असते. सकाळच्या पहिल्या मिनिटाला बेल्ट ओरडतो आणि हायवेला लागल्यावर गप्प होतो, त्याचे हे एक मोठे कारण. गाडीवाल्याला वाटते, इंजिन गरम झाले म्हणून आवाज गेला.

बेल्ट पुलीला किती ओढू शकतो हे तीन गोष्टींवर ठरते: तो किती ताणून बसवला आहे, पुलीला किती वेढा घालून गेला आहे आणि रबर-धातूमध्ये घर्षण किती आहे. बंदरात होडी बांधणारा खलाशी दोराला खुंट्याभोवती दोन-तीन वेढे देतो आणि मग टोक नुसते हातात धरून ठेवतो, तरी होडी जागची हलत नाही, ते याच नियमामुळे. हा नियम ऑयलर आणि आयटेलवाइन या दोघांच्या नावाने ओळखला जातो. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की घर्षण निम्म्याने घटले तर दोराची दोन्ही बाजूंच्या ताणातला फरक पेलण्याची क्षमता निम्म्याने नव्हे, त्याहून कितीतरी जास्त घटते. अल्टरनेटरची पुली सर्वांत लहान, त्यामुळे तिच्यावरचा वेढाही तोकडा आणि काम मात्र जड. बेल्ट पहिल्यांदा तिथेच घसरतो.

हिशेबापुरते आकडे धरू. बेल्टचा वेढा 130 अंशांचा, बसवतानाचा ताण 20 किलो, आणि ओला झाल्यावर पकड कोरड्याच्या निम्म्याहून थोडी कमी. कोरडा असताना असा बेल्ट 33 किलोंपर्यंत ओढू शकतो. आपली गरज 20 किलोंची, म्हणजे सगळे निवांत आहे. तोच बेल्ट भिजला की मर्यादा येते 17 किलोंवर. गरज अजून 20 चीच, म्हणून तो घसरतो. आता ताण 20 ऐवजी 30 किलो ठेवून बघा. भिजलेल्या अवस्थेतही तो 26 किलो ओढतो आणि पावसाचा पत्ताही लागत नाही. उलट ताण 12 किलोंवर आला असेल, तर कोरड्यातही मर्यादा विसाच्या किंचित खालीच राहते आणि असा बेल्ट मे महिन्यातही ओरडेल. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतील, पण चित्र हेच राहते. सैल, पण फार सैल नाही, अशा मधल्या पट्ट्यात असलेले बेल्ट वर्षाचे आठ महिने तक्रार करत नाहीत आणि जूनमध्ये एकदम बोलायला लागतात.

वर पावसात दोन गोष्टी एकाच वेळी उलट्या पडतात. पाण्यामुळे पकड घटते, आणि त्याच वेळी वायपर, दिवे, ब्लोअर यांच्यामुळे विजेची मागणी वाढते. वाहतूकही तुंबलेली असते, म्हणून इंजिन बराच वेळ कमी फेऱ्यांवर असते.

एकदा घसरायला लागला की बेल्ट पटकन सावरत नाही, यालाही कारण आहे. अल्टरनेटरमधल्या रेग्युलेटरचे काम व्होल्टेज सांभाळण्याचे. पुली मंदावली, व्होल्टेज पडले, की तो फिरत्या चुंबकाच्या वेटोळ्यात जास्त वीज सोडतो, म्हणजे कमी वेगातही वीज निघावी. पण त्यामुळे चुंबक जास्त जोरदार होतो आणि अल्टरनेटर फिरवणे आणखी जड होते. बेल्ट घसरतोय हे रेग्युलेटरला कळण्याचा काही मार्ग नाही. तो आपले काम चोख करतो आणि घसरणे चालू ठेवतो. शेवटी वेग इतका खाली येतो की वीज जवळजवळ थांबते आणि दिवा लागतो. अशा वेळी बहुतेक जण घाबरून ॲक्सिलरेटर दाबतात. झटक्यात दिलेल्या रेसने काम बिघडते, कारण अल्टरनेटरचा आतला भाग वजनदार असतो आणि त्याला एकदम वेग द्यायला आणखी ओढ लागते. किंचाळी वाढते.

किंचाळी म्हणजे तरी काय? रबर धातूवर सरळ घसरत नाही. ते क्षणभर धरते, सुटते, पुन्हा धरते. हे सेकंदाला शेकडो वेळा होते आणि बेल्टचा ताणलेला भाग थरथरतो. तो आवाज आपल्याला ऐकू येतो. पूर्ण भिजलेल्या बेल्टमध्ये पाणीच वंगणासारखे काम करते, म्हणून तो कधी कधी अगदी गुपचूप घसरतो. दिवा लागतो पण आवाज नाही, आणि बेल्ट वाळत आला की मग ओरडायला लागतो. त्यामुळे आवाज नाही म्हणजे बेल्ट निर्दोष, असे धरून चालत नाही.

आता एक उदाहरण. ठाण्यातल्या एका परिचितांची आठ वर्षांची हॅचबॅक. तिच्यात आपोआप ताण देणारा टेन्शनर नाही. अल्टरनेटर एका लांबट खाचेच्या पट्टीवर बसवलेला आहे. बोल्ट ढिला करून तो बाहेरच्या बाजूला ढकलायचा आणि पुन्हा आवळायचा, की बेल्ट ताणला जातो. उन्हाळ्यात अल्टरनेटरचे बेअरिंग बदलले होते, तेव्हा बेल्टही नवा घातला होता. पावसाळा सुरू झाला आणि साचलेल्या पाण्यातून गेले की दिवा लागू लागला.

पहिल्या दुकानात सांगण्यात आले, ‘‘साहेब, बॅटरी गेली.’’ नवी बॅटरी बसली आणि पुढच्या पावसात दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या ठिकाणी वायरमनने बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, सुरू असताना 14.2. दोन्ही आकडे निर्दोष. ‘‘काही दोष नाही,’’ असे सांगून त्याने गाडी परत दिली. त्याचे मोजमाप बरोबर होते, वेळ चुकीची होती. गाडी कोरड्या जागेत उभी, दिवे बंद, एसी बंद. अशा वेळी अल्टरनेटरवर कामच इतके थोडे असते की सैल बेल्टही ते उचलतो.

तिसरा मेकॅनिक जुना माणूस निघाला. त्याने इंजिन सुरू ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि डीफॉगर सगळे चालू करायला लावले. मीटर 13.8 दाखवत होता. मग स्प्रेच्या बाटलीने त्याने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर पाणी मारले. किंचाळी उठली, मीटर 12.3 पर्यंत घसरला आणि दिवा लागला. पाच मिनिटांत निदान झाले. इंजिन बंद करून त्याने दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले, तर बेल्ट दोन सेंटिमीटरहून जास्त आत गेला.

नवा बेल्ट सैल कसा? रबरी बेल्ट बसवल्यावर सुरुवातीला थोडा ताणला जातो, खाचांमध्ये नीट बसतो आणि त्यात त्याचा ताण उतरतो. म्हणून नवा बेल्ट घातल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून ताण पुन्हा बघायचा असतो आणि काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. ते कोणी केले नव्हते. त्यात पट्टीवरच्या बोल्टचे आटे खराब होते, त्यामुळे आवळलेला अल्टरनेटर हळूहळू आत सरकत होता. आणि तिसरी गोष्ट गाडी वर उचलल्यावर दिसली. चाकाच्या आतल्या बाजूला, बेल्टसमोर येणारे प्लास्टिकचे कव्हरच नव्हते.

हे कव्हर कोणाच्या खिजगणतीत नसते. अशा छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते आणि बेल्टची बाजू पुढच्या एका चाकाला अगदी खेटून येते. चाकाने उडवलेले पाणी बेल्टवर जाऊ नये म्हणून मधे प्लास्टिकची आडोशाची भिंत असते आणि खाली आणखी एक कव्हर. स्पीडब्रेकरवर घासून ते फाटते किंवा कामासाठी काढल्यावर त्याच्या क्लिपा तुटतात. मग मेकॅनिक म्हणतो, ‘‘राहू दे, याच्यावाचून काही अडत नाही.’’ ऑक्टोबर ते मे खरोखरच अडत नाही.

नवा बोल्ट, योग्य ताण आणि कव्हर, एवढ्यावर काम झाले. बाटलीने पुन्हा पाणी मारून बघितले तेव्हा मीटर 13.7 वर टिकून राहिला. बदललेली बॅटरी बहुधा चांगलीच होती, पण ती नव्या बॅटरीच्या किमतीत वळती होऊन गेलेली.

स्प्रेच्या बाटलीची ही चाचणी कोणालाही करता येते, आणि तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते. बेल्टचे आवाज दोन जातींचे असतात. एक लांब, सलग किंचाळी आणि दुसरा पक्ष्यासारखा तुटक चिवचिवाट. खाचांच्या बाजूला थोडे पाणी मारल्यावर आवाज वाढला, तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताण किंवा झीज बघायची. पाणी मारताच आवाज थांबला आणि वाळल्यावर परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट तिरका धावतो आहे आणि कडेला घासतो आहे. तिथे नुसता बेल्ट आवळून उपयोग होत नाही. चाचणी करताना ओढणी, सैल बाही, लांब केस आणि बोटे दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा मध्येच आपोआप सुरू होतो हेही लक्षात ठेवा. अंगठ्याने दाबून बघायचे ते इंजिन बंद करून, किल्ली काढूनच. जोरात, म्हणजे साधारण 10 किलो वजनाच्या जोराने दाबल्यावर बेल्ट सेंटिमीटरभर आत जावा, हे ढोबळ माप. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा.

मोठ्या किंवा नव्या गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळ्या पुल्यांना नागमोडी वळसे घालत जातो आणि स्प्रिंगचा टेन्शनर त्याचा ताण आपोआप सांभाळतो. तिथे अंगठ्याची चाचणी फसवी ठरते. स्प्रिंग थकली असेल किंवा टेन्शनरचा हात अडकला असेल, तर नवा बेल्ट टाकूनही आवाज राहतो. इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात जरासा हलत राहणे ठीक, पण तो जोरजोरात नाचत असेल तर त्याचे दिवस भरले.

झीज ओळखण्याची रीतही आता बदलली आहे. पूर्वीच्या निओप्रीन बेल्टला भेगा पडत. बोनेट उघडून भेगा दिसल्या की बेल्ट बदलायचा, हे सोपे होते. गेल्या काही दशकांत ईपीडीएम जातीचे रबर आले. ते लवकर तडकत नाही. ते टायरसारखे झिजते. खाचा हळूहळू रुंद आणि खोल होतात, बेल्ट पुलीत जास्त आत बसतो आणि त्याच्या तिरक्या कडांची पकड जाते. खाचांतून पाणी बाहेर पडायला जी वाट असते तीही उरत नाही. वरून बघितले तर बेल्ट काळाभोर आणि धडधाकट. मेकॅनिक हात फिरवून ‘अजून चांगला आहे’ म्हणतो, आणि भेगांच्या हिशेबाने तो चूकही नसतो. खाचांची खोली बघायला प्लास्टिकचे छोटे मापक मिळते. ते नसेल तर जुना बेल्ट तशाच नव्या बेल्टशेजारी धरून खाचा बघाव्यात. घसरून तापलेल्या बेल्टच्या खाचा गुळगुळीत आणि चकचकीत झालेल्या दिसतात. अशी झिलई आलेला बेल्ट कितीही आवळला तरी पकड परत येत नाही. कूलंट किंवा तेल प्यायलेला बेल्टही तसाच. तो फुगतो, मऊ पडतो. तिथे आधी गळती थांबवायची आणि मगच नवा घालायचा, नाहीतर नव्याचीही तीच गत होते.

घरगुती उपायांत सर्वांत लोकप्रिय म्हणजे बेल्टला साबण घासणे. आवाज जातो हे खरे, पण तो जातो कारण आता बेल्ट न ओरडता घसरतो. दिवा लागायचा तो लागतोच. बाजारात मिळणारे चिकट स्प्रे काही दिवस पकड देतात, मग त्यावर धूळ बसते आणि खाचा भरतात. रस्त्यात अडकलेल्या माणसाने ते वापरले तर समजू शकतो. दुरुस्ती म्हणून त्यांना माझ्या लेखी काही किंमत नाही.

आवाजाला कंटाळून बेल्ट टॉमी लावून करकचून आवळणे, हे दुसरे टोक. आवाज लगेच बंद होतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण तो जादा ताण अल्टरनेटरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर चोवीस तास येतो. काही महिन्यांनी घरघर सुरू होते. मग काहीशे रुपयांच्या बेल्टचे काम काही हजारांवर जाते. ताण बरोबर असूनही बेल्ट ओरडत असेल, तर तो उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवून बघावी. सहज आणि निःशब्द फिरली पाहिजे. खरखरणारी किंवा अडकणारी पुली सापडली, तर दोष तिच्या बेअरिंगचा, बेल्टचा नाही.

गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी असू शकते. काही गाड्यांत अल्टरनेटर बराच खाली असतो. त्यात चिखलपाणी शिरले तर कार्बन ब्रशचा संपर्क जातो आणि दिवा लागून राहतो. तेव्हा बेल्ट घट्ट असतो, आवाज नसतो आणि अर्ध्या तासानेही दिवा विझत नाही. ते काम अल्टरनेटर खोलूनच होते.

रस्त्यात, भर पावसात दिवा लागलाच तर पहिल्यांदा एसी, ब्लोअर आणि डीफॉगर बंद करा. एसीचा कंप्रेसर त्याच बेल्टवर असेल, तर बेल्टचे दोन भार एकदम उतरतात. हेडलाइट आणि वायपर बंद करण्याचा मोह टाळा. मग इंजिन झटके न देता, 2000 फेऱ्यांच्या आसपास सावकाश धरा. मागणी कमी झाली आणि वेग वाढला, की लागणारी ओढ ओल्या बेल्टच्या आवाक्यात येते. बेल्ट पकडतो, वाळतो आणि दिवा विझतो. त्यानंतर गॅरेज गाठायला घाई नाही, पण चालढकलही नको. घसरलेल्या प्रत्येक मिनिटाला बेल्टवर झिलई चढत असते.

दिवा विझलाच नाही तर बेल्ट तुटला किंवा पुलीवरून उतरला असेल. तापमानाच्या काट्याकडे बघा. ज्या गाडीत पाण्याचा पंप याच बेल्टवर आहे, तिथे काटा वर सरकू लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे, दुसरा पर्याय नाही. काटा जागेवर असेल तर गाडी बॅटरीवर काही अंतर जाते. किती, याचा अंदाज बांधता येतो. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. एसी-ब्लोअर बंद केल्यावर हेडलाइट, वायपर, इंधनाचा पंप आणि इग्निशन मिळून 25 अँपिअरच्या आसपास जातात. कागदावर हे सव्वा तासाच्या पुढे जाते, पण बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत इंजिन थांबत नसते. व्होल्टेज पडत जाते तसे दिवे पिवळे होतात, वायपर रेंगाळतो, विजेवरचे स्टिअरिंग जड होते आणि मग इंजिन बंद पडते. जुन्या बॅटरीवर अर्धा तास मिळेल असे धरून चाला. त्या अर्ध्या तासात चहाला थांबून इंजिन बंद करू नका. पुन्हा सेल्फ मारायला एका दमात शंभर-दोनशे अँपिअर लागतात आणि एवढे देण्याइतकी शिल्लक बॅटरीत बहुधा उरलेली नसते.